वाइड, मिड, क्लोज: एक पंक्चर, पंधरा शॉट

नवख्या माणसाचं फुटेज एडिटिंगला बसलं की बहुतेक वेळा एकच अडचण येते. शॉट भरपूर असतात, पण सगळे एकाच मापाचे. माणूस गुडघ्यापासून वर दिसतो, फ्रेमच्या मधोमध असतो आणि कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. शूट करणारा जिथे सहज उभा राहिला तिथूनच सगळं टिपलेलं. असे दोन शॉट शेजारी ठेवून कट केला की चित्र फक्त झटका खातं, बघणाऱ्याला नवीन काहीच मिळत नाही. मग तो झटका लपवायला ट्रान्झिशन लावलं जातं आणि ते आणखीच डोळ्यांवर येतं.

यावरचा उपाय शूटिंगच्या वेळीच करावा लागतो, आणि त्यासाठी वाइड, मिड आणि क्लोज-अप ही तीन मापं पुरेशी आहेत. लाँग, मिड लाँग, टाइट क्लोज असे त्यांचे पोटप्रकार पुष्कळ आहेत. ते सवयीने आपोआप कळत जातात, सुरुवातीला त्यांच्यामागे लागू नका. या लेखात एकच साधं काम घेऊ: एक मुलगी सायकलचं पंक्चर काढते आहे. प्रत्यक्षात हे काम अर्ध्या तासाचं. आपल्याला त्याची एक मिनिटाच्या आतली सलग चित्रमालिका करायची आहे. हातात एक फोन आहे आणि शक्यतो एक छोटा ट्रायपॉड.

आधी मापं. वाइडमध्ये माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो आणि त्याच्याभोवतीची जागाही दिसते. ती कुठे बसली आहे, सायकल कुठे आहे, पाण्याचं घमेलं कुठल्या बाजूला आहे, हे सगळं वाइड सांगतो. मिडमध्ये माणूस कमरेपासून वर येतो. चेहरा आणि हात एकाच फ्रेममध्ये दिसतात, म्हणजे कोण काय करतंय ते कळतं. क्लोज-अपमध्ये एकच गोष्ट असते. ती म्हणजे फक्त चेहरा, किंवा फक्त हात, किंवा ट्यूबचा वीतभर भाग. कुठे, कोण काय करतंय आणि नेमकं कसं, अशा तीन प्रश्नांची ही तीन उत्तरं आहेत. शॉट निवडताना मापाचं नाव आठवण्यापेक्षा बघणाऱ्याच्या मनात या क्षणी कोणता प्रश्न आहे ते विचारलं, तर निवड फारशी चुकत नाही.

शॉटचं माप लेन्सवरून ठरत नाही, वस्तू फ्रेममध्ये किती मोठी दिसते यावरून ठरतं. अल्ट्रा-वाइड लेन्स लावून चेहऱ्याजवळ गेलात तरी तो क्लोज-अपच. पण तो विचित्र दिसेल, कारण नाक कॅमेऱ्याच्या फार जवळ आणि कान त्या मानाने लांब, त्यामुळे नाक फुगल्यासारखं दिसतं. हा दोष अंतराचा आहे. म्हणून फोनने चेहरा घेताना थोडं मागे सरका आणि फोनमध्ये खरी टेलिफोटो लेन्स असेल तर ती वापरा. हात किंवा वस्तू घेताना ही अडचण तितकी जाणवत नाही, तिथे मुख्य लेन्सनेच जवळ जावं.

अंतराचा ढोबळ हिशोब माहीत असलेला बरा. बहुतेक फोनच्या मुख्य कॅमेऱ्याने आडवा व्हिडिओ घेतला की जितक्या अंतरावर उभे आहात, त्याच्या साधारण पाऊणपट उंचीचा भाग फ्रेममध्ये मावतो. उभा माणूस डोक्यावर थोडी जागा सोडून घ्यायचा तर दोन मीटरच्या आसपास उंची हवी, म्हणजे कॅमेरा पावणेतीन ते तीन मीटर लांब. कमरेपासून वरचा मिड घ्यायला सव्वा मीटर पुरतं. चेहरा आणि खांदे मावतील असा क्लोज साठ सेंटीमीटरवरून मिळतो, आणि इथेच नाक फुगायला लागतं. 2x लेन्स असेल तर हेच माप सव्वा मीटरवरून मिळेल आणि चेहरा चेहऱ्यासारखा दिसेल. फोनमध्ये स्टॅबिलायझेशन चालू असतं तेव्हा चित्राच्या कडा थोड्या कापल्या जातात, म्हणून हिशोबापेक्षा एखादं पाऊल मागेच उभं राहावं.

बोटांनी स्क्रीन ताणून केलेला झूम मात्र टाळा. त्यात चित्र नुसतं मोठं होतं, तपशील वाढत नाही. एक-दोन पावलं पुढे गेलात की क्लोज-अप मिळतो आणि तो स्वच्छही असतो.

फ्रेमची कड माणसाला कुठे कापते, याकडेही लक्ष हवं. गुडघा, घोटा, मनगट, कोपर, मान अशा सांध्यावरच कड आली की अवयव तुटल्यासारखा वाटतो. मांडीच्या मध्यावर, छातीच्या मध्यावर किंवा दंडाच्या मध्यावर आली तर डोळा तो भाग मनात पुरा करतो. चेहऱ्याच्या टाइट क्लोजमध्ये कपाळाचा वरचा भाग कापला तरी चालतो, हनुवटी कापलेली चालत नाही. डोळे फ्रेमच्या वरच्या तिसऱ्या भागाच्या रेषेवर ठेवले की डोक्यावरची जागा आपोआप बेताची राहते. नवख्यांच्या मिडमध्ये डोळे हमखास फ्रेमच्या मध्यावर असतात, मग वर उगाच भिंत आणि खाली हात गायब. आपल्या मुलीच्या बाबतीत हे महागात पडेल, कारण काम हातांचं आहे.

आता शूट. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करायची आहे. ती डावीकडे बसणार, मागचं चाक उजवीकडे, घमेलं दोघांच्या मध्ये थोडं पुढे. तिच्यापासून चाकापर्यंत जमिनीवर एक सरळ रेघ कल्पनेने ओढा. या रेघेच्या तुम्ही ज्या बाजूला आहात, त्याच बाजूचं अर्धवर्तुळ आता तुमचं. वाइड, मिड, क्लोज, सगळं या अर्धवर्तुळातूनच घ्यायचं. एखाद्या शॉटसाठी पलीकडे गेलात तर त्यात ती उजवीकडे आणि चाक डावीकडे दिसेल. शूट करताना हे लक्षात येत नाही, कारण आपण स्वतः चालत पलीकडे गेलेलो असतो. टाइमलाइनवर मात्र कट होताच ती तोंड फिरवून बसल्यासारखी वाटते. हातांच्या क्लोज-अपलाही हाच नियम आहे: हात डावीकडून फ्रेममध्ये यायला हवेत. पलीकडून घेतलेल्या क्लोजमध्ये हात उजवीकडून येतात आणि समोर दुसरंच कोणी बसलंय असं वाटतं.

अर्धवर्तुळात फिरायची मोकळीक आहे, आणि फिरायलाच हवं. एकाच ठिकाणाहून नुसतं थोडं पुढे-मागे होत घेतलेले दोन शॉट जुळत नाहीत. माप जरासंच बदललं आणि कोन तोच राहिला, तर कट हा कट न वाटता फुटेज अडकल्यासारखं वाटतं. याला जंप कट म्हणतात. तो मुद्दाम वापरणारेही आहेत, पण इथे आपल्याला नको आहे. म्हणून जुन्या एडिटरांपासून चालत आलेला ठोकताळा पाळा: पुढच्या शॉटसाठी माप स्पष्टपणे बदला आणि कॅमेरा त्या वस्तूभोवती किमान तीस अंश सरकवा. वाइड समोरून घेतला असेल, तर मिड डावीकडे किंवा उजवीकडे तिरकं जाऊन घ्या. क्लोज आणखी खाली बसून चाकाच्या उंचीवरून घ्या. वाइडवरून थेट टाइट क्लोजवर जाताना कोन तोच राहिला तरी बहुधा खपतं, कारण मापातला फरकच मोठा असतो. कमरेपासूनच्या मिडवरून छातीपासूनच्या मिडवर उडी मात्र कधीच खपत नाही.

शूट सुरू करण्याआधी फोनच्या स्क्रीनवर तिच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा आणि फोकस-एक्सपोजर लॉक करा. नाहीतर वाइडमध्ये मागची उजळ भिंत आली की फोन चित्र काळवंडतो आणि क्लोजमध्ये काळं टायर आलं की चित्र पांढुरकं करतो. दोन शॉट कृतीने अगदी बरोबर जुळले, पण उजेड वेगळा असेल, तर बघणाऱ्याला मध्ये वेळ गेल्यासारखा वाटतो. कॅमेरा हलवून नवा शॉट लावला की लॉक पुन्हा करावं लागतं, आणि दर वेळी उजेड आधीच्या शॉटशी ताडून बघावा लागतो.

आता कळीची गोष्ट. तीन मापं घ्यायची म्हणजे कामाचे तीन तुकडे करून पहिला वाइडमध्ये, दुसरा मिडमध्ये आणि तिसरा क्लोजमध्ये घ्यायचा, असं नाही. असं केलं की एडिटिंगला बसल्यावर कट नेमका एकाच जागी बसू शकतो, आणि ती जागा बहुधा चुकीची असते. त्याऐवजी एकच कृती दोन मापांत घ्यायची, आणि दोन्ही वेळा सुरुवात थोडी आधीपासून, शेवट थोडा पुढेपर्यंत. समजा टायर काढायची पट्टी रिमखाली सारायची आहे. मिडमध्ये ती पट्टी जमिनीवरून उचलते, रिमखाली घालते, दाबते आणि टायरची कड बाहेर येते, इथपर्यंत घ्या. मग कॅमेरा खाली चाकाजवळ न्या आणि तिला तीच कृती पुन्हा करायला सांगा: पट्टी फ्रेमबाहेरून आत येते, रिमखाली जाते, दाब पडतो, कड सुटते. आता दोन्ही शॉटमध्ये तीच कृती संपूर्ण आहे. कट कुठे करायचा ते तुमच्या हातात आहे.

आणि तो कट हालचालीच्या मध्येच करायचा. मिडमध्ये तिचा हात खाली जायला लागला, अर्ध्या वाटेवर आला, की तिथून क्लोजवर जा, जिथे हात उरलेली अर्धी वाट पार करतो आहे. बघणाऱ्याचा डोळा हालचालीमागे धावत असतो, त्यामुळे चित्र बदललेलं त्याला टोचत नाही. हात थांबल्यावर कट केला तर तो कट दिसतो. एडिटिंग करताना कट दोन-तीन फ्रेम मागे-पुढे सरकवून बघा. त्यातली एक जागा अशी सापडते की हालचाल सलग वाहते, आणि ती आकडेमोडीने काढता येत नाही, बघूनच कळते. क्लोजमध्ये तीच हालचाल पडद्यावर मोठी आणि वेगवान दिसते, म्हणून पुष्कळदा क्लोजमध्ये कृती किंचित आधीपासून सुरू केलेली बरी वाटते.

पुन्हा करायला सांगणं प्रत्येक वेळी शक्य नसतं, आणि एका कॅमेऱ्याने शूट करणाऱ्याची खरी परीक्षा इथेच असते. म्हणून काम सुरू होण्याआधी त्यातल्या कृती मनात तीन गटांत वेगळ्या करून ठेवा. काही कृती आपणहून परत परत होतात: पंप मारणं, काचपेपर घासणं, चाक फिरवणं. पंप वीस-पंचवीस वेळा मारला जातो. तेवढ्यात वाइड घेऊन, तिरकं जाऊन मिड आणि खाली बसून क्लोज, सगळं निवांत होतं, तिला थांबवावंही लागत नाही. काही कृती सांगितलं तर पुन्हा करता येतात: सायकल उलटी करणं, टायरची कड काढणं, ट्यूब पाण्यात बुडवणं. आणि काही कृती एकदाच होतात: ट्यूबवर सोल्युशनचा पहिला थेंब, पॅच चिकटणं. या एकदाच होणाऱ्या कृतींसाठी माप आधीच ठरवून तिथे कॅमेरा लावून बसायचं. पॅच लावताना तुम्ही वाइडमध्ये उभे असाल, तर काम झालं पण दिसलं काहीच नाही. एकदाच होणारी कृती शंका असेल तर क्लोजमध्येच घ्या. वाइड नंतर घेता येतो, कारण लांबून बघताना पॅच चिकटला आहे की अजून चिकटायचा आहे हे कुणालाच कळत नाही.

प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद स्थिर ठेवा. रेकॉर्डिंग सुरू केल्यावर मनात तीन मोजून मग तिला सुरू करायला सांगा, आणि कृती संपल्यावर आणखी तीन मोजून बंद करा. शॉट चालू असताना फ्रेम सुधारत बसू नका. क्लोजमध्ये हात आधी फ्रेमबाहेर असू द्या, मग आत येऊ द्या, काम करू द्या आणि बाहेर जाऊ द्या. रिकाम्या फ्रेममध्ये हात येतो आणि रिकामी फ्रेम सोडून जातो, असा शॉट एडिटिंगमध्ये सोन्यासारखा असतो, कारण त्याच्या आधी आणि नंतर जवळपास काहीही जोडता येतं. आधीच्या शॉटमध्ये हात कुठे होता, याची जुळवाजुळवच करावी लागत नाही.

आता शॉट कसे लागतील ते बघू. पहिला शॉट क्लोज: अंगठा टायर दाबतो आणि टायर आत जातं. तीन सेकंद. मालिका वाइडनेच सुरू करावी असा नियम बरेच जण शिकवतात, पण तो पाळलाच पाहिजे असं नाही. पिचकलेलं टायर दिसलं की काय झालंय ते एका क्षणात कळतं आणि बघणाऱ्याला लगेच जागा बघाविशी वाटते. म्हणून दुसरा शॉट वाइड: ती सायकल उचलून उलटी करते, भिंत, घमेलं, पंप, सगळं एका नजरेत येतं. पाच सेकंद. वाइडमध्ये वाचायला पुष्कळ असतं, म्हणून तो जास्त वेळ ठेवावा लागतो. क्लोजमध्ये एकच गोष्ट असते, ती दोन-तीन सेकंदांत वाचून होते.

तिसरा मिड: ती पट्टी रिमखाली घालते, चार सेकंद. हात दाब देत असतानाच चौथा क्लोज: टायरची कड टपकन बाहेर येते, तीन सेकंद. पाचवा पुन्हा मिड: ती ट्यूब ओढून काढते आणि पंप लावते, चार सेकंद. सहावा वाइड: ती पंप मारते आहे आणि तिच्यासमोर घमेलं आहे, चार सेकंद. हा वाइड कशाला, असं वाटेल. पुढे क्लोज-अप लागोपाठ येणार आहेत, आणि घमेलं मध्ये बराच वेळ दिसलेलं नाही. पाणी आहे कुठे, हे आत्ता दाखवून ठेवलं की पुढच्या क्लोजमध्ये पाण्याचा भाग दिसताच तो कुठला हे विचारावं लागत नाही. क्लोज-अप सलग चार-पाच झाले की बघणाऱ्याचं दिशेचं भान सुटायला लागतं, त्याला मधूनच जागा पुन्हा दाखवावी लागते.

सातवा, आठवा आणि नववा या तीन शॉटांवर सगळी मालिका उभी आहे. सातवा क्लोज: ट्यूब पाण्यात बुडते आणि हळूहळू पुढे सरकते, चार सेकंद, काहीच होत नाही. आठवा तिच्या चेहऱ्याचा क्लोज: नजर खाली, स्थिर, दोन सेकंद. नववा पुन्हा पाणी: बुडबुड्यांची बारीक माळ वर येते आणि बोट तिथे टेकतं, तीन सेकंद. मधला चेहरा काढून टाका आणि सातवा-नववा जोडून बघा. माहिती तीच राहते, पण शोध राहत नाही. शिवाय एक ढळढळीत अडचण येते: दोन्ही शॉट एकाच मापाचे आणि एकाच कोनातले, म्हणजे मधोमध जंप कट. चेहऱ्याच्या शॉटने दोन्ही कामं होतात. शोध घेणारं माणूस दिसतं, आणि पाण्यातल्या तीस-चाळीस सेकंदांच्या चाचपणीतला रटाळ भाग कुणाला न कळता निघून जातो.

चेहऱ्याच्या क्लोजमध्ये तिने काही खास हावभाव करायची गरज नाही. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांचा शंभर वर्षांपूर्वीचा प्रयोग चित्रपट शिकवताना अजून सांगितला जातो. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा त्यांनी वेगवेगळ्या चित्रांना जोडला, आणि शेजारी काय आहे त्याप्रमाणे लोकांना त्या चेहऱ्यात वेगवेगळ्या भावना दिसल्या. आपल्याकडेही हेच घडतं. ती नुसती खाली बघते आहे, पण आधी पाणी आणि नंतर बुडबुडे आले की बघणाऱ्याला तिचं लक्ष आणि मग सापडल्याचं समाधान दिसतं. तिला ‘जरा हसा’ म्हणालात तर हा परिणाम बिघडतो. एक काळजी मात्र घ्या: तिची नजर ज्या बाजूला खाली आहे, त्याच बाजूला घमेलं असलं पाहिजे. वाइडमध्ये घमेलं तिच्या उजवीकडे पडद्यावर दिसतंय, तर क्लोजमध्येही नजर पडद्याच्या उजव्या-खालच्या कोपऱ्याकडे हवी.

पाण्याचा क्लोज घेणं थोडं कटकटीचं असतं. वरून सरळ घेतला तर पाण्यात आकाश आणि फोनचं प्रतिबिंब दिसतं आणि फोकस त्या प्रतिबिंबावर जातो. तिरक्या कोनातून, जिथे पाण्यात काळपट काहीतरी परावर्तित होतंय अशी जागा शोधा, आणि ट्यूबवर फोकस लॉक करा. फार जवळही जाऊ नका. बहुतेक फोनच्या मुख्य लेन्सला वीतभरापेक्षा जवळची वस्तू धूसर दिसते, आणि काही फोन अशा वेळी आपणहून अल्ट्रा-वाइड लेन्सवर उडी मारतात. रेकॉर्डिंगच्या मध्ये ही उडी झाली की फ्रेम आणि रंग दोन्ही किंचित सरकतात आणि तो शॉट वाया जातो. सेटिंगमध्ये ही आपोआप होणारी मॅक्रो अदलाबदल बंद करता येत असेल तर करून ठेवा. नसेल तर हातभर मागे सरकून 2x वापरा.

दहावा मिड: ट्यूब पुसून ती छिद्रापाशी पेनाने खूण करते आणि काचपेपर उचलते, तीन सेकंद. अकरावा क्लोज: काचपेपर घासला जातो, दोन सेकंद. बारावा क्लोज: सोल्युशनचा थर बोटाने पसरतो, तीन सेकंद. अकरावा आणि बारावा दोन्ही क्लोज आहेत आणि दोन्हींत तीच ट्यूब, म्हणून इथे कोन हमखास बदला. एक वरून घेतला तर दुसरा जमिनीलगत.

सोल्युशन लावल्यावर पॅच लावण्याआधी ते काही मिनिटं सुकू द्यावं लागतं. तेवढा वेळ आपल्याला गाळायचा आहे. सोल्युशनवरून थेट पॅचवर कट केला, तर लगेच पॅच लावल्यासारखं वाटेल, आणि बघून शिकणारा तसंच करेल. म्हणून तेरावा शॉट एक इन्सर्ट: जमिनीवर पडलेल्या पट्ट्या, पंप आणि आता अगदी शांत झालेलं पाणी. दोन सेकंद. त्यात माणूस नाही, हालचाल नाही, त्यामुळे आधीचं काही जुळवायला नको आणि मध्ये वेळ गेल्याचं सहज पटतं. असे इन्सर्ट शूटच्या शेवटी चार-पाच घेऊन ठेवावेत. पुढे एखादा कट जमला नाही तर तिथेही ते उपयोगी पडतात.

चौदावा क्लोज: अंगठ्याने पॅच दाबला जातो, तीन सेकंद. त्यानंतर ट्यूब आत घालणं, टायर बसवणं, हवा भरणं, हे सगळं मी गाळलं आहे. काढताना दाखवलेल्याच क्रिया उलट क्रमाने पुन्हा दाखवायच्या आणि त्यात नवा प्रश्न कुठलाच नाही. पंधरावा वाइड: सायकल सरळ उभी, ती बसते आणि फ्रेमच्या उजव्या बाजूने निघून जाते. सहा सेकंद. ती गेल्यावर रिकामी फ्रेमही दोन-तीन सेकंद रेकॉर्ड करून ठेवा. पहिल्या शॉटमधलं पिचकलेलं टायर आणि या शॉटमधलं फिरणारं चाक यांच्यामधली कामाची पोकळी बघणारा स्वतः भरतो. समजा हा शिकवणीचा व्हिडिओ असेल, तर मात्र टायर बसवण्याचे शॉट घालावे लागतील. काय गाळायचं ते व्हिडिओ कुणासाठी आहे यावर ठरतं.

बेरीज केली तर 51 सेकंद होतात. इन्सर्ट क्लोजमध्ये धरला तर पंधरापैकी नऊ शॉट क्लोज, तीन मिड आणि तीन वाइड. नवखे शूट करतात तेव्हा हे प्रमाण बरोबर उलटं असतं. हातकामाच्या व्हिडिओत क्लोज जास्त लागतात, कारण घडतं ते हाताखाली. दोन माणसं बोलत असती तर मिड वाढले असते, आणि धावण्याची शर्यत असती तर वाइड. वर दिलेले सेकंदही माझे अंदाज आहेत. शॉटमधली कृती संपली आणि डोळा नवीन काही शोधायला लागला, की कट करायची वेळ झाली.

आवाजाचं एक काम उरलं. प्रत्येक शॉटबरोबर फोनने वेगळा आवाज पकडलेला असतो, आणि कट झाला की मागचा रस्ता, वारा, पक्षी यांचाही आवाज तुटतो. चित्राचा कट नीट जमला तरी ही तूट कानाला खटकते. म्हणून शूट संपल्यावर त्याच जागी एक मिनिटभर सगळ्यांनी गप्प राहून नुसता आवाज रेकॉर्ड करा आणि तो सगळ्या शॉटखाली सलग अंथरा. पंपाचा आवाज वेगळा सलग घ्या. पाचव्या शॉटमध्ये ती पंप लावते तिथपासून तो आवाज किंचित आधी सुरू केला, म्हणजे सहाव्या वाइडचं चित्र येण्यापूर्वीच पहिला फुसकारा ऐकू आला, तर कट जवळजवळ अदृश्य होतो.

पहिला कच्चा कट तयार झाला की आवाज बंद करून एकदा बघा. जिथे मान आपोआप मागे जाते किंवा ‘हे कुठे आलं’ असं वाटतं, तिथे बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण सापडतं. मापात फरक पुरेसा नाही, रेघ ओलांडली गेली आहे, किंवा हात दोन्ही शॉटमध्ये एकाच टप्प्यावर नाही. हात जुळत नसेल तर कट हालचालीच्या मध्ये सरकवा. रेघ ओलांडली गेली असेल तर दोन्हींच्या मध्ये इन्सर्ट किंवा नवा वाइड टाका. चित्र आडवं उलटवून घ्यायचा मोह होईल, पण सायकलची चेन दुसऱ्या बाजूला गेलेली आणि पंपावरची अक्षरं उलटी झालेली लगेच दिसतात. आणि मापातला फरकच कमी पडत असेल तर एडिटिंगमध्ये एखादा शॉट थोडा क्रॉप करून टाइट करता येतो. व्हिडिओ 4K मध्ये घेतला असेल आणि फायनल 1080 मध्ये द्यायचा असेल, तर दुपटीपर्यंत क्रॉप केलं तरी तपशील फारसा जात नाही. त्याने माप बदलतं, कोन बदलत नाही. त्यामुळे मिडचा क्लोज करायला हा उपाय चालतो, मिडचा जरा टाइट मिड करायला चालत नाही.